आमच्या नव्या घरी या : वास्तुशांतीचे सविस्तर निमंत्रण

सप्रेम नमस्कार,

रविवार, दि. 22 फेब्रुवारी 2026 रोजी कोथरूड येथील आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, आणि त्या दिवशी आपण सहकुटुंब आमच्या घरी यावे, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. मागील आठवड्यात पाठविलेले छोटे निमंत्रण वाचून पत्ता, वेळ आणि कार्यक्रमाचे स्वरूप यांविषयी अनेकांनी विचारणा केली. म्हणून तेच निमंत्रण येथे नव्याने व सविस्तर लिहिले आहे. पहिल्या निमंत्रणाऐवजी आता हेच ग्राह्य धरावे.

प्रथम वेळेविषयी. सकाळी 8 वाजता पुण्याहवाचनाने पूजेला आरंभ होईल, त्यानंतर नवग्रहांचा होम होईल आणि साधारण 11:30 पर्यंत पूर्णाहुती होईल. घराच्या आग्नेय कोपऱ्यातील एक फरशी आम्ही अद्याप बसविलेली नाही. वास्तुपुरुषाची प्रतिमा तेथे ठेवली गेली की मगच ती बसवायची आहे. हा विधी पाहण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी 10:30 च्या सुमारास पोहोचावे. दिवाणखाना लहान आहे आणि होमामुळे तेथे धूरही राहील, त्यामुळे लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी व श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी पूर्णाहुतीनंतर आलेलेच बरे. पूजेला उपस्थित राहिलेच पाहिजे, असा कोणावरही आग्रह नाही.

दुपारचे जेवण 12:30 ते 3 या वेळेत आहे. पंगती नाहीत, आपण याल तेव्हा आपले ताट वाढले जाईल. जेवण अगदी आपले नेहमीचे आहे : वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा. मधुमेह किंवा अन्य पथ्य असल्यास आधी कळवावे. आईने त्यासाठी ज्वारीची भाकरी व बेताच्या तिखटाची भाजी वेगळी करायचे आनंदाने ठरविले आहे. ज्यांना दुपारी येणे जमणार नाही, त्यांनी सायंकाळी 5 ते 8 या वेळेत यावे. सायंकाळी चहा, बटाटेवडे आणि गप्पा एवढाच बेत आहे. रात्रीचे जेवण नाही, हे येथेच स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचीही गैरसोय होणार नाही. दुपार किंवा सायंकाळ यांपैकी कोणतीही एक वेळ निवडावी. दोन्ही वेळा आलात तर आम्हाला अधिकच आनंद होईल. दुपारी 3 ते 5 या वेळेत मात्र घर आवरणे व आई-बाबांची विश्रांती यांसाठी थोडी सवड द्यावी.

आता पत्त्याविषयी. सदनिका 9, तिसरा मजला, बी इमारत, पारिजात सोसायटी, पौड रस्ता, आनंदनगर, कोथरूड, पुणे 411038. पुण्यात आनंदनगर दोन ठिकाणी आहे. रिक्षाचालकास केवळ ‘आनंदनगर’ असे सांगितल्यास तो आपणांस सिंहगड रस्त्यावर नेऊ शकतो, म्हणून ‘पौड रस्त्यावरचे आनंदनगर, मेट्रो स्थानकाजवळ’ असे पूर्ण सांगावे. तसेच मोबाइलच्या नकाशात सोसायटीचे नाव शोधल्यास तो मागील गल्लीत नेऊन सोडतो. त्या बाजूस केवळ कुंपणाची भिंत आहे, फाटक नाही. म्हणून नकाशात आनंदनगर मेट्रो स्थानक शोधावे आणि तेथून पुढे खालील खुणांवर विश्वास ठेवावा.

मेट्रोने येणे सर्वांत सोपे आहे. पुणे रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्यांनी वनाजकडे जाणारी मेट्रो घ्यावी; ती गाडी न बदलता आनंदनगरला आणते. स्वारगेटहून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून वनाजची मेट्रो धरावी. आनंदनगर हे वनाजच्या अगदी आधीचे स्थानक आहे. तेथे टेकडीच्या बाजूचा जिना उतरावा आणि रस्ता डाव्या हाताला ठेवून वनाजच्या दिशेने चालू लागावे. सुमारे 200 मीटरवर कोपऱ्यात पिठाची गिरणी लागते. गिरणीच्या अलीकडून उजवीकडे गल्लीत वळावे, तिसरे फाटक आमचे. फाटकाच्या आत पारिजातकाचे झाड आहे आणि त्या दिवशी फाटकावर झेंडूचे तोरण असेल. बी इमारत डावीकडची. इमारतीस लिफ्ट आहे, परंतु ती लहान असल्याने एका वेळी चारच माणसे मावतात. ज्येष्ठांना आधी जाऊ द्यावे, ही विनंती.

मोटारीने मुंबईहून अथवा साताऱ्याहून येणाऱ्यांनी बाह्यवळण मार्गाने चांदणी चौकापर्यंत यावे. तेथे रस्त्यांचे अनेक फाटे असल्याने वेग कमी ठेवून ‘कोथरूड’ ही पाटी पाहूनच पौड रस्त्याला उतरावे. कोथरूड डेपो व त्यानंतर वनाज मेट्रो स्थानक मागे टाकल्यावर डाव्या बाजूने चालावे. आनंदनगर स्थानक येण्याच्या आधीच डावीकडे तीच पिठाची गिरणी दिसेल आणि तिला लागूनच गल्लीत डावे वळण आहे. डेक्कन किंवा नळस्टॉपकडून येणाऱ्यांना मात्र आमची गल्ली रस्त्याच्या पलीकडे, उजव्या हाताला पडते. मध्ये मेट्रोचे खांब व दुभाजक असल्याने तेथे वळता येत नाही. तसेच पुढे वनाजच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत फिरावे. दुभाजकातील फटीतून दुचाकी घालण्याचा मोह कृपया कोणी करू नये.

सोसायटीच्या आवारात पाहुण्यांच्या मोटारी लावण्यास जागा नाही. गल्लीत सम-विषम तारखांचे पार्किंग आहे आणि 22 ही सम तारीख असल्याने सम तारखेची पाटी असलेल्या बाजूसच वाहन लावावे. ज्यांना फार चालवत नाही, त्यांना मोटारीतून थेट फाटकाशी उतरवावे. ईशान व त्याचे मित्र तेथे सकाळी 10 ते दुपारी 2 पर्यंत थांबणार आहेत आणि ते सर्वांना वरपर्यंत घेऊन येतील.

हा समारंभ पूर्णपणे घरगुती आहे. आहेर, पाकीट, भेटवस्तू किंवा पुष्पगुच्छ यांपैकी काहीही आणू नये. ही विनंती आम्ही शिष्टाचार म्हणून करीत नसून ती खरोखरच पाळली जावी, अशी आमची अपेक्षा आहे. साध्या, नेहमीच्या कपड्यांत यावे. घरात अजून पडदे लागायचे आहेत आणि पुस्तकांची खोकी आतल्या खोलीत तशीच आहेत, त्यामुळे सतरंजीवर बसण्याची तयारी असू द्यावी. ज्येष्ठांसाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. कोणाकडे घरी पाहुणे आले असतील, तर त्यांनाही निःसंकोचपणे बरोबर आणावे. हे घर घेताना ज्यांनी कागदपत्रे तपासून दिली, सामान हलवताना खांदा दिला, किंवा नुसता फोन करून धीर दिला, त्या सर्वांनी या घरात एकदा पोटभर जेवावे, यासाठीच हा सारा घाट आहे. आपल्याला वेगळे बोलावणे आले नाही, असे कोणीही मनात आणू नये. हेच आमचे आग्रहाचे बोलावणे आहे.

स्वयंपाकाचा अंदाज बांधण्यासाठी किती जण येणार आणि दुपारी की सायंकाळी, एवढे बुधवार, दि. 18 फेब्रुवारीपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणालाही फोन करून किंवा निरोप पाठवून कळवावे. आमचे फोन क्रमांक पूर्वीचेच आहेत. त्या दिवशी रस्ता चुकल्यास सुहासला फोन करावा. मेधा पूजेला बसलेली असल्याने दुपारपर्यंत फोन घेऊ शकणार नाही. ऐन वेळी बेत बदलला, तर न कळवताही अवश्य यावे.

आपली वाट पाहणारे,
मेधा आणि सुहास
आई, बाबा व ईशान