भिंतींच्या रंगछटा : फिक्यापासून गडदापर्यंत
आतील व बाहेरील भिंतींसाठी छटापुस्तिका, फोंडा

या पुस्तिकेत प्रत्येक रंगाच्या छटा फिक्याकडून गडदाकडे मांडल्या असून प्रत्येक नावापुढे 0 ते 10 यांपैकी एक आकडा दिला आहे. 0 म्हणजे नुकताच वाळलेला पांढराशुभ्र चुना आणि 10 म्हणजे काजळ. आकडा ठरवताना वाळलेला नमुना दिवसाच्या उजेडात, पण सावलीत, राखाडी पट्ट्यांच्या शेजारी धरला आहे. डोळे किलकिले केले की रंग मावळतो आणि केवळ उजळपणा दिसू लागतो; ज्या पट्टीला टेकल्यावर नमुन्याची कड जवळजवळ विरून गेली, त्या पट्टीचा आकडा त्या छटेला मिळाला. म्हणून दोन वेगळ्या रंगांचा आकडा सारखा असेल, तर त्यांची गडदाई सारखी आहे असे समजावे.

वर्णनातील चार शब्द आम्ही ठरावीक अर्थानेच वापरले आहेत. पांढरा मिसळून उतरवलेली छटा फिकी, राखाडी मिसळून शांत केलेली मंद, पुरेपूर रंग असलेली भरीव आणि काळ्याकडे झुकलेली गर्द. दुकानात ‘जरा लाइट दाखवा’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा फिकी नव्हे, तर मंद छटा हवी असते, आणि हा फरक आधीच स्पष्ट झाला तर भिंत दुसऱ्यांदा रंगवावी लागत नाही. ‘भडक’ हा शब्द मात्र या क्रमात बसत नाही, कारण पिवळाधमक रंग भडक असूनही त्याचा आकडा लहानच राहतो.

पांढऱ्याजवळच्या छटा
चुना (0), मोतिया (1), खोबरी (1) आणि हस्तिदंती (2). मोतियात किंचित राखाडी आहे, तर खोबरीत ओल्या खोबऱ्याचा स्निग्धपणा आहे. खिडक्यांच्या चौकटी, खांब आणि सज्जाच्या कडा यांना गोव्यात पांढरी किनार देण्याची रीत आहे. त्या कामी खोबरी घ्यावी, कारण भर उन्हात निव्वळ चुना डोळ्यांवर येतो.

पिवळ्या छटा
सुरंगी (1) ही गजऱ्यातल्या फुलांची फिकी पिवळी, सोनचाफा (2) भरीव आणि स्वच्छ, हळदी (3) तिच्याहून उबदार, बोंडू (3) नारिंगीकडे झुकलेली आणि पिवडी (4) मातीच्या पिवळ्या रंगाची. निखळ पिवळा रंग येथे संपतो. त्यात पुढे काळा मिसळत गेल्यास तो आधी हिरवट व नंतर मातकट होतो, आणि म्हणूनच गडद पिवळा मागणाऱ्यांना आम्ही थेट गुळी (6) दाखवतो, जिला लोक तपकिरीत मोजतात. बाहेरच्या भिंतींसाठी या रांगेत पिवडीच सर्वांत भरवशाची आहे. मातीतील लोहाचा हा रंग उन्हाने सहसा उडत नाही आणि चुन्यातही टिकतो, तर पुष्कळसे झगझगीत पिवळे रंग पश्चिमेच्या भिंतीवर काही वर्षांतच उतरतात.

तांबड्या छटा
ही रांग सर्वांत लांब आहे आणि आमच्या मते येथील घरांना सर्वांत साजणारीही आहे. अबोली (3) फुलाच्या वेणीतली, ना गुलाबी ना केशरी. तिला गुलाबी छटांत ठेवले की ती उदास दिसते, म्हणून ती येथे घेतली. शेंदरी (5) भरीव आहे. पूर्ण भिंतीला ती देऊ नये, दाराच्या चौकटीपुरती पुरे. कौली (5) जुन्या मंगळुरी कौलाची. शेंदरी आणि कौली यांचा आकडा एकच असूनही कौली मंद असल्याने ग्राहकाला तीच गडद वाटते. पट्टीवर धरून खात्री करून घ्यावी. चिरा (6) पावसाने भिजलेल्या जांभ्या दगडाची, काव (6) तिच्यापेक्षा लालसर. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो कोरून नक्षी उमटवण्याची जी कावी कला गोव्यातील जुन्या देवळांत व घरांत दिसते, तिच्यातील तांबड्याच्या जवळ ही छटा जाते. त्यानंतर डाळिंबी (7) आणि शेवटी आमसुली (8), जी रात्री ट्यूबलाइटखाली काळी वाटते. ती दिवसा पाहूनच निवडावी.

हिरव्या छटा
पोपटी (3), तरवा (4) लावणीच्या भातरोपांची, केळपान (5), शेवाळी (6) आणि मोरपिशी (7), जी निळ्याच्या शेजारीही शोभते. शेवाळीचा एक व्यवहारी गुण सांगण्यासारखा आहे: पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर शेवाळ धरले, तरी ते तिच्यावर लवकर उठून दिसत नाही.

निळ्या छटा
आकाशी (2), खाडी (4) ही हिरवट व मंद, नीळ (7) आणि गर्द नीळ (8). निळा रंग पिवळ्याच्या उलट वागतो. तो जसा गडद होतो तसा अधिक भरीव होत जातो. त्यामुळे आकाशीनंतर थेट नीळ पाहणाऱ्याला मधली पायरी गळली असे वाटते, परंतु आकडे पाहिल्यास दोहोंमध्ये पाच पायऱ्यांचे अंतर आहे आणि खाडी मुद्दाम मध्ये ठेवली आहे. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये पांढऱ्या किनारीची जी निळी घरे दिसतात, तसा परिणाम हवा असल्यास नीळ आणि खोबरी ही जोडी घ्यावी. चुन्यात मिसळायची असेल तर अल्ट्रामरीन नीळच वापरावी. प्रशियन निळा रंग चुन्याच्या क्षाराने नासतो.

जांभळ्या व राखाडी छटा
कोनफळी (4), वांगी (8), जांभूळ (9). राखी (4), पाटी (8), काजळी (9). यांतील गर्द छटा दारे, जाळ्या आणि कठडे यांच्यासाठीच ठेवल्या आहेत, कारण गर्द भिंत उन्हात अधिक तापते.

छापील छटा आणि भिंत
पुस्तिकेतील चौकोन लहान आहे. तीच छटा पूर्ण भिंतीवर अधिक तीव्र वाटते, म्हणून दोन छटांत मन अडले तर लहान आकड्याची घ्यावी. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते, तर चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसून वाळल्यावर बराच उतरतो. म्हणून ओल्या हातावर रंग जुळवणाऱ्या गवंड्याचे, तो कितीही अनुभवी असला तरी, ऐकू नये. आकडा 6 च्या पुढील भरीव छटांच्या बेसमध्ये पांढरे टिटॅनियम डायऑक्साइड कमी असल्याने त्या खालचा रंग कमी झाकतात. त्यांच्याखाली जवळपासच्या छटेचा एक हात आधी द्यावा आणि खर्चाचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

सिमेंटचा नवा गिलावा असल्यास पाणी मारणे, सुकणे हे सर्व धरून 28 दिवस पुरे होईपर्यंत त्यावर रंग लावू नये. बाहेरचे काम मेच्या मध्यापर्यंत आटोपावे, नाहीतर पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरनंतर घ्यावे. चवथीआधी घर उजळायचे असेल तेव्हा आतल्या भिंतींपुरतेच काम करावे. जुन्या वारसा वस्तीतील घराचा दर्शनी रंग बदलायचा असेल, तर संबंधित कार्यालयात आधी विचारणा करावी. मागणी नोंदवताना छटेचे नाव आणि आकडा दोन्ही लिहावे, कारण ‘चिरा’ व ‘काव’ यांचा आकडा एकच आहे, आणि सर्व डबे एकाच वेळी मिसळून घ्यावेत, म्हणजे एकाच भिंतीवर दोन खेपांचा फरक उमटणार नाही.