प्रिलिमच्या आधीचे आठ आठवडे: अॅनाटॉमीची उजळणी

तुझी टर्मिनलची मार्कलिस्ट बघितली. ग्रॉस ठीक आहे, हिस्टोच्या स्लाइड्स निम्म्या चुकल्यात आणि एम्ब्रियोचा प्रश्न तू चक्क सोडून दिलास. हे होतं, कारण सगळे ग्रॉस आधी उरकतात आणि बाकीचं "शेवटी बघू" म्हणत ठेवून देतात. शेवटी काही बघून होत नाही. म्हणून या प्लॅनमध्ये तिन्ही एकाच दिवशी आहेत. ज्या दिवशी जो अवयव, त्याच दिवशी त्याची स्लाइड आणि तो कसा तयार झाला तेही. एम्ब्रियोसाठी वेगळा आठवडा मुद्दामच ठेवलेला नाही.

रोजचं गणित

कॉलेज पाचला सुटतं असं धरलंय. सहा ते आठ ग्रॉस. मेसमधून आल्यावर नऊ ते पावणेदहा हिस्टो आणि एम्ब्रियो. त्यानंतर पुस्तक बंद. सकाळी उठल्यावर अर्धा तास कोरा कागद घ्यायचा आणि कालचं आठवून काढायचं: आकृती, नावं, रिलेशन्स. अडलं की लाल पेनने गोल कर, पण लगेच पुस्तक उघडू नकोस. ते लाल गोल रविवारी सकाळी बघायचे. रविवारी दुपारी झोप आणि संध्याकाळी फिजिओ-बायोकेम. त्या दोघांना रोज मिळून दोन तास द्यावेच लागतील, ते सकाळी कॉलेजच्या आधी काढ.

वाचून झालं म्हणजे उजळणी झाली असं धरू नकोस. रूममेटला बसवून मोठ्याने सांग. व्हायवात हात थरथरतात ते येत नसतं म्हणून नाही, तोंडाने कधी बोललेलंच नसतं म्हणून.

पहिला आठवडा: अप्पर लिंब आणि जनरल

सोमवारी ब्रेकियल प्लेक्सस. सी ५ ते टी १, रूट्स, ट्रंक्स, डिव्हिजन्स, कॉर्ड्स, ब्रँचेस. दिवसातून तीनदा काढ, तिसऱ्यांदा घड्याळ लावून तीन मिनिटांत. मग लगेच अर्ब्ज आणि क्लुम्पके: पहिल्यात वरचे रूट्स, दुसऱ्यात सी ८ आणि टी १. मंगळवारी अॅक्झिला. पेक्टोरॅलिस मायनरमुळे अॅक्झिलरी आर्टरीचे तीन भाग होतात आणि शाखा अनुक्रमे एक, दोन, तीन. बुधवारी आर्म आणि क्युबिटल फॉसा, गुरुवारी फोरआर्म आणि हात, शुक्रवारी सांधे, शनिवारी हाडं.

ह्यूमरस हातात आला की आधी बाजू ठरव: हेड आत, वर आणि मागे बघतं, ओलेक्रेनॉन फॉसा मागे येतो. मग तीन जागांवर बोट ठेवून नर्व्ह सांग. सर्जिकल नेकला अॅक्झिलरी, मागच्या ग्रूव्हमध्ये रेडियल, मीडियल एपिकाँडाइलच्या मागे अल्नर. परीक्षक हमखास इथूनच सुरू करतात. हाडावर पेनने रेघ मारू नकोस, काडी वापर. बोन सेट डिपार्टमेंटचा आहे.

हिस्टोत हा आठवडा बेसिक टिश्यूजचा: एपिथेलियम, कनेक्टिव्ह टिश्यू, तिन्ही कार्टिलेज, हाड, तिन्ही मसल, नर्व्ह. एम्ब्रियोत फर्टिलायझेशनपासून तिसऱ्या आठवड्यातल्या गॅस्ट्रुलेशनपर्यंत, आणि शनिवारी लिंब रोटेशन. हात ९० अंश बाहेरच्या बाजूला फिरतो, पाय ९० अंश आतल्या बाजूला. म्हणूनच कोपर मागे आणि गुडघा पुढे. एवढं कळलं तर सातव्या आठवड्यात पायाचे डर्मॅटोम पाठ करावे लागणार नाहीत.

दुसरा आठवडा: थोरॅक्स

तीन दिवस हृदयाला. बाहेरून, आतून, कोरोनरीज. प्रत्येक चेंबरच्या आतला प्रत्येक उंचवटा बघताना विचार की हा आला कुठून. उजव्या एट्रियमचा गुळगुळीत भाग सायनस व्हेनोसमचा, खरबरीत भाग प्रिमिटिव्ह एट्रियमचा. फॉसा ओव्हॅलिसचा तळ म्हणजे सेप्टम प्रायमम, कडा म्हणजे सेप्टम सेकंडम. हे स्पेसिमेन हातात घेऊन केलंस की इंटरएट्रियल सेप्टमचं चित्र आपोआप येतं. फॅलोट्स टेट्रालॉजीचे चारही दोष लिहून ठेव.

उरलेले दिवस फुप्फुसं आणि मेडियास्टिनम. ब्राँकोपल्मनरी सेगमेंट्स पाठच करावे लागतात, तिथे युक्ती चालत नाही. डायफ्रॅमचे चार स्रोत: सेप्टम ट्रान्सव्हर्सम, प्ल्युरोपेरिटोनियल मेंब्रेन्स, इसोफेगसची डॉर्सल मेसेंटरी आणि बॉडी वॉल. सेप्टम ट्रान्सव्हर्सम मानेच्या पातळीला सुरू होऊन खाली सरकतो आणि आपली नर्व्ह सोबत ओढत आणतो, म्हणून फ्रेनिक सी ३, ४, ५. स्लाइड्स: ट्रॅकिया, लंग, इलॅस्टिक आर्टरी, मस्क्युलर आर्टरी, व्हेन.

तिसरा आठवडा: अॅब्डोमेन

या आठवड्याला सगळ्यात जास्त वजन द्यायचं. स्टमक, ड्युओडेनम, लिव्हर, पॅन्क्रिया, स्प्लीन, लहान-मोठं आतडं, पोर्टल व्हेन, पेरिटोनियम. पेरिटोनियम चित्रात कळत नाही. डीएचमध्ये जाऊन हात घाल, एपिप्लोइक फोरामेनमध्ये बोट सरकव आणि चारही भिंती मोठ्याने म्हण.

मिडगट रोटेशनसाठी सुतळीचा तुकडा घे आणि मधोमध आडवी पेन्सिल धर. पेन्सिल म्हणजे सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, तिचं टोक तुझ्याकडे. सहाव्या आठवड्यात लूप नाभीतून बाहेर जातो आणि ९० अंश फिरतो, दहाव्यात परत येताना आणखी १८०, एकूण २७०, समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट. जेजुनम आधी आत येतं, सीकम शेवटी. दोनदा हाताने फिरवलंस की ड्युओडेनमचा तिसरा भाग आर्टरीच्या मागे आणि ट्रान्सव्हर्स कोलन पुढे का, हे स्वतःच दिसेल. मेकेल्स डायव्हर्टिक्युलम तिथेच जोडून टाक: दोन टक्के लोकांत, साधारण दोन इंच लांब, इलिओसीकल जंक्शनपासून दोन फुटांवर.

तुझ्या हिस्टोची खरी दुखरी नस हीच. तू थेट हाय पॉवर लावतोस. स्लाइड आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघ: पोकळ आहे की भरीव? मग लो पॉवरवर एपिथेलियम कोणतं, सबम्युकोसात काय, मसलचे किती थर. सबम्युकोसात ग्रंथी दिसल्या तर इसोफेगस किंवा ड्युओडेनम, आणि दोघांना वेगळं करायला एपिथेलियम पुरतं. व्हिलाय आहेत, पण ब्रुनर्स ग्लँड्स नाहीत आणि पेयर्स पॅचेसही नाहीत, तर जेजुनम. पेयर्स पॅचेस असतील तर इलियम. व्हिलाय नाहीत, गॉब्लेट सेल्स भरपूर, तर कोलन. तसंच, पण लुमेन बारीक आणि सगळीकडे लिम्फॉइड फॉलिकल्स, तर अपेंडिक्स. प्रत्येक स्लाइडला ओळखण्याचे दोनच पॉइंट लिही, पण ते पक्के. चित्रं एच अँड ई पेन्सिलीनेच काढ, निळ्या-गुलाबीची सवय डोळ्यांना लागायला हवी.

चौथा आठवडा: किडनी, पेल्व्हिस, पेरिनियम

सोमवारी किडनीची स्लाइड समोर ठेवून सुरुवात कर. बोमन्स कॅप्सूलपासून डिस्टल ट्यूब्यूलपर्यंत सगळं मेटानेफ्रिक ब्लास्टेमाचं. कलेक्टिंग डक्ट, कॅलिसेस, पेल्व्हिस, युरेटर हे युरेटेरिक बडचं. एकाच स्लाइडवर दोन वंश दिसतात. हॉर्सशू किडनी वर चढताना इन्फीरियर मेसेंटेरिक आर्टरीला अडते.

इंग्वायनल कॅनॉल मुद्दाम या आठवड्यात घेतलाय, टेस्टिसच्या डिसेंटसोबत. चार सेंटिमीटरचा कॅनॉल, चार भिंती, दोन रिंग्ज आणि कॉर्डची तीन आवरणं. आवरणं पोटाच्या कोणत्या थरातून आली हे क्रमाने सांगता आलं पाहिजे. युरेटर आणि व्हास डिफरन्स या स्लाइड्समध्ये निम्मा वर्ग गोंधळतो: चांदणीसारखं लुमेन आणि ट्रान्झिशनल एपिथेलियम म्हणजे युरेटर, जाडजूड मसल आणि स्टिरिओसिलिया म्हणजे व्हास. पेरिनियम कंटाळवाणा आहे, पण इस्किओरेक्टल फॉसा येतोच. त्याला एक संध्याकाळ दे आणि सोड.

पाचवा आठवडा: हेड अँड नेक

या आठवड्यात रविवारची सुट्टी नाही. पहिल्याच संध्याकाळी फॅरिंजियल आर्चेसचा तक्ता स्वतः आखून भिंतीवर लाव: आर्च, नर्व्ह, मसल्स, कार्टिलेज, आर्टरी. पुढचा सगळा आठवडा त्यातूनच उलगडतो. जीभच बघ. पुढच्या दोन तृतीयांशाची साधी संवेदना लिंग्वल नर्व्हकडे, कारण पहिला आर्च. चव कॉर्डा टिम्पनीकडे. मागचा एक तृतीयांश ग्लॉसोफॅरिंजियलकडे, कारण तिसरा आर्च. मसल्स ऑक्सिपिटल सोमाइट्सचे, म्हणून हायपोग्लॉसल, फक्त पॅलॅटोग्लॉसस वेगळा. मग जिभेची स्लाइड लाव आणि पॅपिली बघ, फिलिफॉर्मवर टेस्ट बड्स नसतात. एका संध्याकाळी तिन्ही विषयांचा एक प्रश्न संपला.

थायरॉइडही असाच घे: फोरामेन सीकमपासूनचा प्रवास, कोलॉइडने भरलेले फॉलिकल्स, आणि जीभ बाहेर काढल्यावर हलणारी थायरोग्लॉसल सिस्ट. पॅराथायरॉइड उलटे बसतात: तिसऱ्या पाउचचा खाली, चौथ्याचा वर. बाकीचे दिवस फेस, पॅरोटिड, नेकचे ट्रायँगल्स, इन्फ्राटेम्पोरल फॉसा, लॅरिंक्स, ऑर्बिट. सलायव्हरी ग्लँड्सच्या तिन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून बघ. टेरिऑनवर बोट ठेवलं की मिडल मेनिंजियल आर्टरी आणि एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा एका दमात.

सहावा आठवडा: न्यूरो

मेडुलाचे तीन सेक्शन, पॉन्सचे दोन, मिडब्रेनचे दोन. सातही रोज काढायचे, चित्रकला न करता. सर्कल ऑफ विलिस, इंटर्नल कॅप्सूल, व्हेंट्रिकल्स. एम्ब्रियोत न्यूरल ट्यूब आणि न्यूरल क्रेस्ट. पुढचा न्यूरोपोर २५ व्या दिवसाच्या सुमारास मिटतो आणि मागचा २८ व्या, त्यामुळे फॉलिक अॅसिड गर्भधारणेच्या आधीपासून का, हे लिहिता येतं. स्लाइड्स: स्पायनल कॉर्ड, सेरिबेलम, सेरिब्रम, दोन्ही प्रकारचे गँग्लिया.

सातवा आठवडा: लोअर लिंब आणि राहिलेलं

पाय तीन दिवसांत होतो, कारण पद्धत हातासारखीच आहे. फिमोरल ट्रायँगल, ग्लुटियल रीजन, पॉप्लिटियल फॉसा, गुडघा, फूटचे आर्चेस. ट्रेंडेलेनबर्ग साइन आणि फूट ड्रॉप नीट कर. चौथ्या दिवशी जेनेटिक्स: डाउन, टर्नर, क्लाइनफेल्टर यांचे कॅरियोटाइप. पाचव्या दिवशी लिम्फॉइड आणि एंडोक्राइनच्या राहिलेल्या स्लाइड्स. शनिवारी नाशिकच्या विद्यापीठाचा मागचा एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये. खोलीत बसून लिहिलेला पेपर धरायचा नाही.

आठवा आठवडा

नवीन काही वाचायचं नाही. सोमवार ते गुरुवार फक्त लाल गोल, रोज दोन आठवड्यांचे. संध्याकाळी मायक्रोस्कोपवर दहा स्लाइड्स, प्रत्येकी दोन मिनिटं, लेबल झाकून. शुक्रवारी डीएचमध्ये स्पॉट्स: रूममेटने पिना लावायच्या, तू ओळखायचं, मग उलट. शनिवारी एक पेपर. रविवारी आर्चेसचा तक्ता, प्लेक्सस आणि मेडुलाचे सेक्शन एकदा काढ, जर्नलवर सगळ्या सह्या आहेत का ते बघ, अॅप्रन धुऊन ठेव आणि मेसमध्ये वेळेवर जेव. रात्री अकरानंतर कुणी "हे केलंस का रे?" विचारायला आलं तर दार उघडू नकोस.

— ताई