९७.४

बाबांचा आवाज असलेली एकच कॅसेट आमच्याकडे आहे आणि तिच्यात बाबांपेक्षा रेडिओच जास्त ऐकू येतो.

नोव्हेंबर १९९६, माझा आठवा वाढदिवस. मस्कतहून आलेल्या मामाचा हँडीकॅम दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला होता. ठाण्याच्या खारकर आळीतल्या चाळीची ती खोली, ट्यूबलाइट, मागच्या फळीवर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. बाबा अख्ख्या चाळीचे रेडिओ दुरुस्त करून द्यायचे, पण आमच्या सेटमधला सुकलेला कंडेन्सर बदलायला त्यांना कधी सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार. त्यामुळे बातम्या असोत की भावगीतं, त्यांच्याखाली एक जाड ‘घूंऽऽ’ कायम अंथरलेलं असायचं. आम्हाला ते ऐकू येईनासं झालं होतं. कॅमेऱ्याला मात्र आलं.

कॅसेट चार मिनिटं दहा सेकंदांची. पहिला दीड मिनिट मी, केक आणि ‘बोल, काय पाहिजे तुला?’ असं विचारणारे बाबा. मग चित्र एकदा हिसका खातं आणि बाबा एकटेच, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. ओठ हलतात, शब्द एकही ऐकू येत नाही, नुसती घरघर. घरात सगळे म्हणायचे, कॅमेरा टेस्ट करतायत. मामा म्हणायचा, दाजी रामरक्षा म्हणतायत. बाबा २००४ मध्ये गेले. त्यानंतर हा दुसरा भाग कोणी पूर्ण पाहायचंच नाही. केक संपला की टीव्ही बंद.

गेल्या महिन्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून आणली. दुकानदाराने बजावलं, बुरशी धरलीये, पुन्हा चालेल याची खात्री नाही. म्हणजे जे काही करायचं ते या फाइलवरच.

मी हेडफोन लावून बसलो. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या सेटमध्ये तिची डी.सी. करताना दोन्ही अर्ध्या लहरी वापरतात, म्हणून कंडेन्सर गेला की १०० ची घरघर उरते, वर तिची पोरंबाळं २००, ३००, ४००. प्रत्येकावर एकेक नॉच फिल्टर लावायचा, म्हणजे तेवढीच एक पट्टी कापायची, की झालं. निदान पुस्तकात तरी तसंच आहे. मी लावले. घरघर जशीच्या तशी. पट्ट्या रुंद केल्या, तर घरघरीबरोबर बाबाही जायला लागले. त्यांचा आवाज भारदस्त, घशाचा सूर ११० च्या आसपास. रेडिओच्या अगदी शेजारचं बिऱ्हाड. ते पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे ऐकू यायला लागले. तीन रात्री असेच गेले.

शेजारचे काका ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून, म्हणजे राज्यभरच्या विजेचा भार सांभाळतात तिथून, निवृत्त झालेले. जिन्यात भेटले तेव्हा सहज बोललो. ते हसायलाच लागले.

“५० कोणी सांगितलं तुला? शहाण्णव साली, संध्याकाळी?”

मग जिन्यातच उभं राहून त्यांनी अर्धा तास घेतला. तेव्हा विजेची मागणी भारी, पुरवठा कमी. दिवेलागणीला सगळ्यांनी बटणं दाबली की फ्रिक्वेन्सी खाली बसायची, ४८.५ पर्यंतसुद्धा. मध्यरात्री भार उतरला की तीच ५० च्या वर. “तुझ्या वडिलांच्या रेडिओने आमची ड्यूटी रेकॉर्ड केलीये,” ते म्हणाले. त्यांना याचा एवढा आनंद का झाला कोण जाणे, पण झाला.

घरी येऊन घरघरीचा आलेख नीट मोठा करून पाहिला. ९७.४. म्हणजे वीज ४८.७. तिथे अरुंद पट्टी ठेवली, मग १९४.८ ला, मग २९२.२ ला. आणि जाजम ओढून घ्यावं तसं ते ‘घूंऽऽ’ निघून गेलं. खाली आकाशवाणीच्या बातम्या. वर बाबा. ‘बोल, काय पाहिजे तुला?’ मी हेडफोन काढून थोडा वेळ गॅलरीत जाऊन आलो.

दुसऱ्या भागावर मात्र तेच आकडे चालेनात. पुन्हा आलेख. १०१.६. वीज ५०.८.

आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. ट्यूबलाइट तीच, शर्ट तोच, म्हणून आम्ही सगळे तो भाग केकच्या लगेच नंतरचा समजत होतो. तो रात्रीचा होता. बातम्या नव्हत्या, गाणी नव्हती. केंद्र बंद झालेलं, नुसता सेट घरघरत ठेवलेला. बाबांच्या मागे पडदा ओढलेला होता. पडद्यापलीकडे आम्ही झोपायचो.

इथे एक सोय झाली. बाबा कुजबुजत होते, आणि कुजबुजीत घशाचा सूर नसतोच, नुसता वारा असतो. खालचं सगळं बेधडक कापता आलं. उरलं ते एवढंच:

“ऐक ना. कंपनी बंद झाली.”

बराच वेळ काही नाही.

“नाही, असं नको. अगं, गेटला कुलूप लावलंय. दिवाळीच्या आधीच. सगळ्यांचंच झालंय, माझं एकट्याचं नाही.” खुर्ची करकरते. “मी रोज तळ्यावर जातो. डबा तिथेच खातो. पाच वाजले की उठतो. आता असं बघायचं, की...” परत थांबतात. परत पहिल्यापासून. “ऐक ना.”

असं चार वेळा. प्रत्येक वेळी कंपनी थोडी हळू बंद होते. शेवटी ते पुढे वाकतात, चेहरा धूसर होतो, आणि अगदी नेहमीच्या आवाजात, रेडिओ उघडून बसल्यावर बोलायचे तसं स्वतःशी म्हणतात, “आता हे पुसायचं कसं?”

दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. तिच्या कानांना हेडफोन लावला. ती हात थांबवून ऐकत राहिली, शेवटच्या वाक्याला हसली.

“पुसता नाहीच आलं. रेडिओ सोडून दुसऱ्या कशातलं काही कळायचं नाही त्यांना.”

“तुला त्या रात्री ऐकू आलं होतं?”

“छे! त्या डबड्याच्या घरघरीत कुठलं ऐकू येतंय.”

“मग माहीत नव्हतं तुला?”

“नव्हतं कसं? कपडे कोण धुवायचं? वागळे इस्टेटहून आलेल्या शर्टाला तेलाचा वास असतो. महिनाभर नव्हता.” तिने एक काडी मोडली. “आणि मावशीनं पाहिलं होतं तळ्यापाळीवर.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“ते जुळवाजुळव करत होते ना. संक्रांतीला बोलले. तिळगूळ हातावर ठेवला आणि सांगून टाकलं, एका दमात. ही एवढी तालीम फुकटच गेली म्हणायची.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत मी डब्यात दोन पोळ्या जास्त घालत होते. कंपनीतले बाकीचेही तिथेच बसायला असणार की.”

तिने परात पुढे ओढली, थोडी निवडली, मग न बघताच हेडफोनसाठी हात पुढे केला.

“परत लाव.”

“कुठून? पहिल्यापासून?”

“नको. ते पुसायचं कसं म्हणतात ना, तेवढंच.”