शनिवारी संध्याकाळी जे बोललो त्याबद्दल

चि. ओंकार यास,

शनिवारी संध्याकाळी आजी, आत्या आणि काका यांच्यासमोर मी तुला खोटारडा म्हणालो. तू क्लासला गेला होतास, आणि तरीही तू क्लास बुडवून कुठेतरी भटकत होतास असे मी तुझे काहीही ऐकून न घेता ठरवून टाकले. ही चूक पूर्णपणे माझी आहे आणि तिच्याबद्दल मी तुझी माफी मागतो.

काल रात्री मी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज आज सकाळी पुन्हा वाचला. त्यात माफी नव्हतीच. मी स्वतःची बाजू मांडत बसलो होतो. तू गैरहजर असल्याचा मेसेजच क्लासकडून आला होता, असे मी सुरुवातीलाच लिहिले, जणू घरात आवाज मी नव्हे तर त्या मेसेजने चढवला. नंतर ऑफिसातल्या ताणाचा उल्लेख केला. ताण होता हे खरे, पण तो तुझ्यामुळे नव्हता आणि तो तुझ्यावर काढण्याचा मला काही अधिकार नव्हता. तुझ्या भल्यासाठीच बोललो, असेही लिहिले; चारचौघांत मान खाली घालायला लावल्याने तुझे कोणते भले झाले, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आणि शेवटी, तुला वाईट वाटले असेल तर सॉरी, असे म्हणून मोकळा झालो. तुला वाईट वाटले हे मी समोर उभा राहून पाहिले होते, तरी त्याबद्दल शंका असल्यासारखे लिहिले. फोन सुरू केल्यावर तो मेसेज तुला दिसेल; तो मी मागे घेतो. त्याऐवजी हे पत्र वाच.

त्या संध्याकाळी काय घडले ते मी माझ्या बाजूने रंग न देता लिहितो, कारण मला नेमके काय चुकले हे कळले आहे की नाही, हे तुला कळायला हवे. तू आलास तेव्हा तुझ्या पायांतले बूटही निघाले नव्हते. मी कुठे होतास असे विचारले, आणि तू सांगायला सुरुवात केलीस की तुमची बॅच बदलली आहे, तुम्हाला वरच्या मजल्यावरच्या वर्गात बसवले आणि तिथे हजेरी जुन्या यादीवरूनच घेतली. हे वाक्य मी तुला पुरे करू दिले नाही. उलट बोलू नकोस, असे म्हणालो. तू उलट बोलत नव्हतास. मी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत होतास. मग तू सॅकमधून फिजिक्सची वही काढून माझ्यापुढे धरलीस आणि मी ती हाताने बाजूला सारली. ती खाली पडली, चपलांच्या स्टँडजवळ, आणि तू ती उचलून घेतलीस. रात्री सगळे झोपल्यावर मी ती उघडली. पानावर वरती शनिवारची तारीख होती, खाली प्रक्षेप्याचा वक्र मार्ग पेन्सिलने काढून त्यावर कोन दाखवलेला होता, अर्धवट राहिलेल्या उदाहरणापुढे ‘उरलेले घरी’ असे लिहिलेले होते, आणि पानांत सिटीलिंक बसचे परतीचे तिकीट खोचलेले होते. क्लासने चूक कबूल करणारा मेसेज रविवारी दुपारी पाठवला, पण मला त्याची वाट पाहण्याची गरजच नव्हती. सगळा खुलासा तू माझ्या हातात देत होतास.

त्यानंतर मी जे बोललो ते मूळ विषयाशी संबंधितही नव्हते. क्लासची फी किती आहे हे पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. फी भरणे हे आम्ही ठरवून घेतलेले काम आहे, ते तुझ्यावर केलेले उपकार म्हणून मोजून दाखवायचे नव्हते. काकांच्या मुलाशी तुझी तुलना केली, त्यात तुझा अपमान झाला आणि तुम्हा दोघांत नसलेले अंतर मी निर्माण केले. तुझा फोन काढून घेतला, तोही शिक्षा म्हणून, जिच्यामागे अपराधच नव्हता.

एक गोष्ट मला स्वतंत्रपणे सांगायची आहे. क्लासची चूक निघाली म्हणून मी माफी मागतो आहे, असे कृपया समजू नकोस. तू खरोखरच क्लास बुडवला असतास, तरी तुला खोटारडा म्हणणे, पाहुण्यांसमोर ओरडणे आणि तुझे बोलणे तोडणे हे चुकीचेच ठरले असते. तेव्हा आपण दोघांनी दार लावून बोलायला हवे होते आणि आधी तू बोलायला हवे होतेस. शिवाय तुझ्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण तरी काय होते? रसायनशास्त्राच्या चाचणीत गुण कमी पडले, तेव्हा पेपर माझ्यासमोर ठेवून तूच मला ते सांगितले होतेस. कुणी विचारलेही नव्हते. त्या मुलाला मी खोटारडा म्हणालो, हे मला सर्वांत जास्त लागले आहे. मात्र मला किती वाईट वाटते आहे हे सांगून तुझ्याकडून समजूत काढून घेण्याचा माझा हेतू नाही.

जे चारचौघांत बिघडवले ते चारचौघांतच दुरुस्त करायला हवे, म्हणून आज आत्याला आणि काकांना मी स्वतः फोन केला. ओंकार क्लासलाच होता, तो खरे बोलत होता आणि मी त्याचे ऐकले नाही, असे स्पष्ट सांगितले. गैरसमज झाला वगैरे गुळमुळीत शब्द वापरले नाहीत. आजीलाही हेच सांगितले आहे. तुलना केल्याबद्दल काकांच्या मुलाशी मी येत्या रविवारी बोलणार आहे, कारण त्याचे नाव मी विनाकारण मध्ये ओढले.

यापुढे असा काही मेसेज आला, तर मी आधी तुला विचारीन आणि तुझे उत्तर पूर्ण ऐकीन. घरात पाहुणे असतील तर त्यांच्यासमोर तो विषय काढणार नाही. मी चिडलेलो असेन तर तसे सांगेन आणि जेवणे झाल्यावर बोलू म्हणेन. मला राग पटकन येतो हे तू लहानपणापासून पाहतो आहेस, त्यामुळे एका पत्राने तुझी खात्री पटावी अशी अपेक्षा मी करत नाही. पुन्हा आवाज चढलाच, तर ‘बाबा, आधी ऐका’ असे तू मला म्हणू शकतोस. शनिवारीही तू हेच म्हणत होतास. यापुढे ते उलट बोलणे धरले जाणार नाही.

या पत्राला उत्तर दिलेच पाहिजे असे नाही, आणि माफ केले असे लगेच म्हणण्याचीही गरज नाही. तू सध्या ताट घेऊन खोलीत जातोस, त्यावरून तुला कोणी टोकणार नाही. आईला मी सांगितले आहे की माझ्या वतीने तुझी समजूत घालायला येऊ नकोस, कारण हे काम माझे आहे. मी लिहायचे विसरलो असे काही तुझ्या मनात असेल, तर ते मला ऐकायचे आहे. बोलायचे नसेल तर लिहून दे.

फोन या पत्रासोबत तुझ्या टेबलावर ठेवला आहे. तो माझ्याकडे बंदच होता, मी तो उघडलेला नाही. नव्या बॅचच्या यादीत तुझे नाव चढवले की नाही हे क्लासमध्ये जाऊन विचारायचे आहे. तुला चालणार असेल तर उद्या मी सोबत येतो, नाहीतर तू एकटा गेलास तरी चालेल.

तुझा,
बाबा