घर क्रमांक 302 मधील नव्या शेजाऱ्यांस

सप्रेम नमस्कार,

मी आपल्या समोरच्या घरात, म्हणजे 301 मध्ये राहते. काल सामान वर येत असताना आपण, आजी आणि लहान मुलगी अशी सर्वजण दिसलात. परंतु त्या धावपळीत थांबवून ओळख करून घेणे मला बरे वाटले नाही, म्हणून ही चिठ्ठी दाराच्या फटीतून सरकवत आहे. आमच्या मजल्यावर आपले मनःपूर्वक स्वागत. समोरचे दार बरेच महिने बंद होते, तेथे पुन्हा दिवा लागलेला पाहून आम्हा सर्वांना खरोखर आनंद झाला.

घर बरेच दिवस रिकामे राहिले की काही गोष्टी हमखास जाणवतात, म्हणून त्या आधी सांगते. न्हाणीघरात किंवा मागच्या बाल्कनीत कुबट वास येत असेल, तर घाबरण्याचे किंवा लगेच प्लंबरला बोलावण्याचे कारण नाही. जमिनीवरच्या जाळीखालच्या सापळ्यात नेहमी थोडे पाणी साचलेले असते आणि तेच खालच्या नळीतला वास वर येऊ देत नाही; घर बंद राहिले की ते पाणी आटते. प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओता, वास बहुधा त्याच दिवशी जाईल. तसेच नळांतही इतके दिवस पाणी उभे राहिले आहे, तेव्हा पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी घेण्यापूर्वी प्रत्येक नळ काही मिनिटे मोकळा सोडावा. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येईल. गीझर सुरू करण्यापूर्वी गरम पाण्याच्या नळाला सलग धार येते आहे याची खात्री करून घ्यावी, कारण टाकी रिकामी असताना बटण दाबले तर आतली कॉइल जळते.

आमचे आणि आपले घर आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहे, त्यामुळे कोणती वस्तू कुठे आहे हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. पाण्याचा मुख्य कॉक स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, उजव्या कोपऱ्यात आहे. तो एकदा बंद-चालू करून पाहावा, कारण बरेच दिवस न फिरवलेला कॉक अडकून बसतो आणि नेमकी पाण्याची नळी फुटली की हलत नाही. फार जोर मात्र लावू नये. घट्ट वाटला तर आमच्या यजमानांना हाक मारा, ते येऊन पाहतील. विजेची पेटी मुख्य दाराच्या मागे आहे. तिच्यावरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत, तेव्हा एखाद्या दुपारी एकेक कळ खाली पाडून कोणत्या खोलीची वीज जाते ते पाहावे आणि नवी नावे चिकटवावीत. हे काम दोघांनी केले की सोपे जाते. एकजण पेटीजवळ आणि एकजण खोल्यांतून फिरणारा. आपल्याकडे कोणी मोकळे नसेल तर मी आनंदाने येईन.

आणखी एक विनंती आहे आणि ती मी जरा आग्रहानेच करते. भिंतीला कपाट लावण्याआधी, पडदे टांगण्याआधी, घराची मोबाइलवर नीट छायाचित्रे काढून ठेवा. फरशीचे तडे, ओलीचे डाग, न लागणाऱ्या खिडक्या, ओट्याच्या कडेचा टवका, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे, असे सगळे त्यात यावे. ती याच आठवड्यात घरमालकांना संदेशाने पाठवावीत, म्हणजे तारीखही आपोआप नोंदली जाते. घरमालकांवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रकार नाही. काही काळाने घर सोडताना आधीचे काय आणि नंतरचे काय हे कोणालाच नक्की आठवत नाही, अनामत रकमेवरून मन कडू होते आणि दोन भल्या माणसांत उगाच वितुष्ट येते. मुलीच्या खोलीतल्या पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ती भिंत आवर्जून टिपून ठेवा आणि तिला टेकवून पुस्तकांचे किंवा कपड्यांचे कपाट लावू नका.

फ्रिज काल आडवा करून जिन्याने आणलेला पाहिला. तो उभा केल्यावर काही तास तसाच ठेवावा आणि मगच सुरू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल पुन्हा जागेवर येते. एव्हाना सुरू केला असेल आणि नीट चालत असेल, तर काळजीचे कारण नाही.

येत्या गुरुवारी इमारतीच्या गच्चीवरची टाकी धुतली जाणार आहे, त्यामुळे सकाळी 11 ते दुपारी 3 पर्यंत नळाला पाणी नसेल. ही सूचना आपण येण्याआधीच लागली होती, म्हणून मुद्दाम कळवत आहे. बादल्या अजून खोक्यांतच असतील तर आमच्या दोन मोठ्या बादल्या बुधवारी रात्री आपल्या दाराशी ठेवते. ओला आणि सुका कचरा वेगवेगळा करून सकाळी 8 पूर्वी दाराबाहेर ठेवावा लागतो. रिकामी खोकी मात्र उघडून सपाट करून तळमजल्यावर नेऊन ठेवावीत. जिन्यात ठेवलेले सामान प्रसंगी बाहेर पडण्याची वाट अडवते. लिफ्ट मध्येच थांबली तर दार ओढू नये, आतले लाल बटण दाबून ठेवावे. खाली पहारेकऱ्याच्या खोलीत घंटा वाजते आणि तो येतो. हे आजींना आणि मुलीलाही सांगून ठेवावे असे मला वाटते.

आपल्या मुख्य दाराचे कुलूप थोडे हट्टी आहे. दार स्वतःकडे किंचित ओढून धरले आणि मग किल्ली फिरवली की ते लगेच उघडते. नुसती किल्ली दामटली तर ती वाकते. आपण कधी किल्ली आत विसरलात आणि दार लागले, तर आमच्याकडे येऊन बसा.

आता मदतीविषयी. आमच्याकडे ड्रिल मशीन, पाच पायऱ्यांची शिडी आणि पान्यांचा संच आहे, तो या आठवड्यात आपलाच समजावा. सोमवार ते शुक्रवार मी घरूनच काम करते. सकाळी 10 ते 12 माझ्या बैठका असतात, एरवी केव्हाही बेल वाजवावी. आपण कामावर असताना इंटरनेट जोडणारा माणूस, सुतार किंवा एखादे पार्सल येणार असेल तर मला आदल्या दिवशी सांगा, मी थांबेन. सामान लावताना आजींना धुळीचा त्रास होत असेल तर त्यांनी दुपारी आमच्याकडे निवांत पडावे. पुढची खोली शांत असते. भिंतींना छिद्रे पाडायची असतील तर शक्यतो दुपारी 4 नंतर पाडावीत, कारण आपल्या खालच्या घरात तान्हे बाळ आहे आणि ते दुपारभर झोपते. आमच्या घरातल्या आवाजाचा आपल्याला त्रास झाला, तर तोही मोकळेपणाने सांगावा.

यातले काहीच नको असेल, काही दिवस फक्त स्वस्थपणे घर लावायचे असेल, तर तेही मी पूर्णपणे समजू शकते. मी स्वतःहून येऊन व्यत्यय आणणार नाही. मात्र रात्री-अपरात्री कोणाची तब्येत बिघडली, पाणी तुंबले किंवा गॅसचा वास आला, तर वेळेचा विचार करू नये. गॅसचा वास आला तर दिव्याचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता, शक्य असल्यास गॅसचा कॉक बंद आणि खिडक्या उघड्या करून, सर्वांनी बाहेर यावे आणि आमचे दार हाताने ठोठावावे. माझा आणि यजमानांचा असे दोन्ही मोबाइल क्रमांक या कागदाच्या मागे लिहिले आहेत.

आपली शेजारीण,
घर क्रमांक 301