सुजाता, सीए झाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन

प्रिय सुजाता,

सीए अंतिम परीक्षेचे दोन्ही ग्रुप एकाच वेळी उत्तीर्ण झाल्याबद्दल तुझे मनापासून अभिनंदन. हे लिहायला मला चार दिवस लागले. उशीर का झाला ते तुला ठाऊक आहेच. तरीही ते मीच सांगितलेले बरे.

६ जुलैला दुपारी तू फोन केलास, पहिल्यांदा माझा निकाल विचारलास, तो ऐकून दहा मिनिटे माझ्याशीच बोलत राहिलीस आणि स्वतःच्या निकालाबद्दल एक शब्दही न काढता फोन ठेवलास. तुझे ३३२ गुण मला संध्याकाळी आपल्या आर्टिकलशिपच्या मैत्रिणींकडून कळले. त्या क्षणी मला हेवा वाटला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल, आणि ऑडिट शिकलेल्या माणसाने खोट्या विधानाखाली सही करू नये. पण त्याच रात्री तुझ्या गुणांचा तपशील वाचताना ऑडिटसमोर ५८ हा आकडा दिसला आणि मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. तो आनंद स्वतःची समजूत घालण्यासाठी आणलेला नव्हता, एवढे मात्र तू माझ्या शब्दावर मान्य कर.

त्या ५८ गुणांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यामागचे जेवढे मी पाहिले आहे तेवढे तुझ्या घरच्यांनीही पाहिलेले नसेल. आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी आपण एका साखर कारखान्याच्या गोदामात साठा मोजायला गेलो होतो. पन्नास किलोच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या, उकाडा असह्य होता, आणि गोदामाच्या माणसाने पुढे केलेल्या रजिस्टरावरून लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून मी माझे काम संपवले होते. तू मात्र शिडी मागवलीस, थप्पीच्या वर चढलीस आणि ती आतून पोकळ तर नाही ना, हे टॉर्च लावून पाहिलेस. थप्पी भरीवच निघाली. खाली उतरल्यावर तुझ्या ओढणीला साखर आणि धूळ चिकटली होती आणि तू अगदी सहज म्हणालीस, "आता लिहायला हरकत नाही." पुरावा गोळा करण्याबद्दलचे सगळे ऑडिटिंग स्टँडर्ड मी त्यानंतर पाठ केले, पण त्यातले मर्म मला त्या शिडीपाशी कळले होते.

अशा मुलीला मे २०२४ मध्ये त्याच विषयात ३४ आणि नोव्हेंबरमध्ये ३७ गुण मिळावेत, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला होता. तू रागावली नाहीस. नोव्हेंबरच्या निकालानंतर तू मला सांगितलेस की तुला येते ते तुला तीन तासांत लिहिता येत नाही, एवढाच दोष आहे. आणि त्या दिवसापासून तू वाचणे कमी करून लिहिणे वाढवलेस. व्यावसायिक आचारसंहितेची कलमे तू ओट्यामागच्या फरशीवर चिकटवली होतीस, आणि रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण हाताने लिहून मला तपासायला देत होतीस. त्या वह्या मी तपासल्या आहेत. जानेवारीतल्या उत्तरांत निष्कर्ष शेवटच्या ओळीत कुठेतरी हरवलेला असे. एप्रिलमध्ये तो नेमक्या तरतुदीला धरून ठसठशीत उभा असे. म्हणून तुझे यश नशिबाचे आहे असे कोणी म्हणाले, किंवा नम्रपणाच्या भरात तू स्वतःच म्हणालीस, तर मी ते ऐकून घेणार नाही.

मे महिन्यात सीमेवरच्या तणावामुळे ९ तारखेपासूनचे पेपर पुढे ढकलले गेले, तेव्हा मी साताऱ्याला निघून गेले, दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या पाहत बसले आणि माझी लय गेली. तू पुण्यातच राहिलीस आणि ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या खुर्चीत बसून अप्रत्यक्ष कराचा सराव पेपर सोडवत राहिलीस. तो आठवडा दोघींना सारखाच मिळाला होता, हे मी स्वतःला स्पष्टपणे सांगितले आहे.

माझ्या निकालाबद्दल तू फोनवर नीट विचारू शकली नाहीस, म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढे आपल्या बोलण्यात तो विषय चोरपावलांनी यायला नको. ऑडिटमध्ये ३८ गुण मिळाल्याने पहिला ग्रुप गेला. दुसऱ्या ग्रुपमध्ये तिन्ही विषयांत चाळिशी ओलांडली, पण बेरीज १४५ झाली आणि १५० ला पाच गुण कमी पडले. पहिल्या ग्रुपमधल्या एएफएम या वित्त व्यवस्थापनाच्या विषयात ६१ गुण असल्याने एक्झम्प्शन मिळाले आहे, म्हणजे तेवढा पेपर पुन्हा द्यायला नको. वाईट वाटले, दोन दिवस रडले आणि बाबांशी नीट बोललेही नाही. मात्र या सगळ्यात तुझा निकाल कुठेही कारण म्हणून येत नाही, आणि तू तो माझ्यापासून जपून ठेवावास अशी माझी मुळीच इच्छा नाही.

म्हणून एक तक्रार नोंदवते. तू आपल्या ग्रुपवर "झालं" एवढा एकच शब्द टाकलास आणि पेढ्यांचा फोटोसुद्धा टाकला नाहीस. तो संकोच माझ्यासाठी होता, हे मला कळते. निकाल नेमका आषाढी एकादशीला लागला, तुझी आई तेव्हा पंढरपुरात होती आणि तिला चंद्रभागेच्या वाळवंटात उभ्या उभ्या फोनवर ही बातमी कळली, हे मला तिसऱ्याकडून ऐकावे लागले. बार्शीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या घरातली पहिली सीए होताना घरी काय काय झाले, काका काय म्हणाले, गिरणी त्या दिवशी बंद ठेवली की चालू ठेवली, हे सगळे मला तुझ्या तोंडून, काहीही न गाळता ऐकायचे आहे. इंटरच्या वेळी मी तुझ्या आधी पास झाले होते, तेव्हा तू अप्पा बळवंत चौकातून माझ्यासाठी पेन आणून दिले होतेस आणि रात्री दीडपर्यंत माझी बडबड ऐकली होतीस. तेव्हा तू मला आनंद आवरता घ्यायला लावला नव्हतास.

एएफएममध्ये तुला ६३ गुण पडले, त्यावर तू "तूच शिकवलेस" असे म्हणशील. परकीय चलनाच्या हेजिंगची गणिते मी शिकवली, हे खरे आहे आणि तेवढे श्रेय मी आनंदाने घेते. मला स्वतःला तुझ्यापेक्षा दोन गुण कमी पडले, हे मात्र कोणाला सांगू नकोस.

येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने बार्शीला येते आहे. साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन येईन, कारण या वेळी पेढे देण्याचा मान मला हवा आहे. सप्टेंबरचा फॉर्म मी भरला आहे. ऑडिटच्या त्या लिहिलेल्या वह्या, जानेवारीपासूनच्या सगळ्या, काढून ठेव. येताना पेढे आणि जाताना वह्या, असा हिशेब आहे. काकांना आणि काकूंना माझा नमस्कार सांग, आणि काकूंना वारीहून आल्यावर पाय दुखत असतील, तर माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका म्हणावे.

तुझी,
मनीषा