हॉस्टेलवर पोचलेल्या चिंगीला बाबांचा मेसेज

चिंगे, खोली मिळाली, खिडकीजवळची कॉट पटकावलीस, एवढं कळलं आणि तुझी आई निवांत झोपली. मी मॅच बघतोय. रिमोट पहिल्यांदाच माझ्या हातात!

बॅगेच्या तळाशी डबा आहे, त्यात कंदी पेढे. आजच उघड आणि खोलीतल्या मुलींना दे. पुण्यात सातारची पोरगी आलीये हे कळू दे त्यांना. लपवून ठेवलेस तर मुंग्या खातील.

बाजूच्या कप्प्यात सुईदोरा आणि कुलपाची दुसरी किल्ली आहे. ती खोलीत ठेवू नकोस, मैत्रिणीकडे दे. मी दोन्ही किल्ल्या आत ठेवून बाहेरून कुलूप दाबलं होतं. रेक्टरांनी करवतीनं कापलं आणि वर्षभर माझं नाव 'कुलूप' पडलं.

मेसची आमटी पातळ असणारच. तिला नावं ठेवता ठेवताच ओळखी होतात.

रोज फोन नको. रविवारी पोह्यांच्या वेळी कर. काही अडलं तर मात्र रात्री दोनलाही कर.

मोत्या तुझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपलाय. म्हणजे एक चप्पल इथेच राहिली. नवी घे, पैसे पाठवलेत.

— बाबा